वेताळ, शंभू आणि दिवाडच्या फेरीवरचा माणूस

हौशी चित्रकारांकडून एक वाक्य मी वरचेवर ऐकतो: "पात्र तयार आहे, आता त्याच्यासाठी गोष्टी सुचवा." मग वही उघडली जाते. वहीत खरोखरच एक छान माणूस असतो. टोपी असते, मिशी असते, नाव असते, कुत्रा असतो. पहिली गोष्ट झालेली असते, दुसरी अर्धवट असते आणि तिसरीपाशी वही कोरी पडलेली असते. हात उत्तम असलेल्या माणसांचेही असे होते. म्हणून दोष हाताचा नसावा असे मला वाटू लागले आणि जी पात्रे तीस-चाळीस वर्षे, काही तर त्याहूनही अधिक काळ टिकली, ती कशाच्या बळावर टिकली हे मी जुन्या चित्रकथा चाळून पाहू लागलो. आज त्याविषयीच लिहीत आहे.

सुरुवात वेताळापासून करतो. इंद्रजाल कॉमिक्स 1964 साली सुरू झाले आणि 1990 साली बंद पडले. मराठी आवृत्तीत त्याच्या नायकाचे नाव वेताळ होते. मूळ इंग्रजीत तो फँटम. ली फॉक या अमेरिकन लेखकाने 17 फेब्रुवारी 1936 रोजी त्याची दैनिक चित्रमालिका सुरू केली आणि रे मूर याने ती काढली. गोव्यातल्या आम्हा मुलांना हे भाषांतरित नाव परके वाटले नाही. वेताळ आमच्याकडे देव आहे. आमोणे, पैंगीण, प्रियोळ अशा गावांत त्याची देवस्थाने आहेत. तो रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो अशी श्रद्धा, आणि फिरून वहाणा झिजतात म्हणून त्याला नव्या वहाणा वाहण्याची प्रथा कोकण-गोव्यात काही ठिकाणी आहे. ज्या कुणा भाषांतरकाराने हे नाव निवडले त्याने मोठे मार्मिक काम केले, कारण फँटमलाही त्याच्या गोष्टीत 'चालणारे भूत' म्हणतात.

या वेताळाचे कथाबीज आठवून पाहा. 1536 साली समुद्री चाचे एका जहाजावर हल्ला करतात. एक तरुण तेवढा वाचून किनाऱ्याला लागतो. बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात घेऊन तो चाचेगिरीविरुद्ध शपथ घेतो आणि त्याच्यामागून त्याचा मुलगा, मग नातू असे एकामागून एक तोच पोशाख चढवत जातात. आपण वाचतो तो एकविसावा. पण जंगलातल्या लोकांना हे ठाऊक नाही. त्यांना वाटते की चारशे वर्षे हा एकच माणूस जिवंत आहे, याला मरण नाही. खरे काय ते त्याच्या जवळच्या मोजक्या माणसांना ठाऊक आहे, आणि आपल्याला, म्हणजे वाचकांना.

आता गंमत अशी की मालिका सुरू झाली तेव्हा फॉकच्या मनात हे नव्हतेच. पहिल्याच कथेत जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, आळशी तरुण येतो आणि तोच रात्री मुखवटा घालून फिरतो, अशी सूचना वाचकाला मिळत राहते. कथा चालू असतानाच फॉकने हा विचार सोडला, नायकाला जंगलात नेले आणि पिढ्यांची ही साखळी आणली. जिमी वेल्स बाजूला पडला. त्याने काय मिळवले ते पाहण्यासारखे आहे. श्रीमंत तरुणाच्या मुखवट्याआड एवढेच गुपित होते की हा कोण. ते कधी ना कधी उघडे पडणार. एकविसाव्या वेताळाच्या मुखवट्याआड जे आहे ते प्रत्येक कथेत नव्याने कामाला येते. तलवारीचा वार झाला तर आपण घाबरतो, कारण हा मरू शकतो हे आपल्याला माहीत आहे. समोरचा गुंडही घाबरतो, कारण हा मरत नाही असे त्याने ऐकले आहे. एकाच चौकटीत दोन भीती, आणि दोन्ही खऱ्या.

मला वाटते पुन्हा पुन्हा येणाऱ्या पात्राचे मर्म इथे आहे. लोकांना एक वाटते, असते दुसरेच, आणि वाचकाला दोन्ही माहीत असते. ही तफावत जोवर मिटत नाही तोवर गोष्टी सुचत राहतात. पात्राचे गुण सांगून तफावत निर्माण होत नाही. 'शूर, दयाळू, हुशार' हे वर्णन झाले; त्यातून पहिली गोष्ट निघते, दहावी निघत नाही.

फॉकला हे मालिका चालू असताना उमगले. आपल्याकडे आर. के. लक्ष्मण यांनाही त्यांचा माणूस असाच कामाच्या ओघात सापडला. 'टाइम्स ऑफ इंडिया'त 1951 साली त्यांचे खिशातल्या चौकटीएवढे रोजचे व्यंगचित्र सुरू झाले. सगळ्या देशाचे प्रतिनिधित्व व्हावे म्हणून आरंभी ते बंगाली, तामीळ, पंजाबी, मराठी अशी निरनिराळ्या वेशांतली माणसे चौकटीत उभी करत. रोज वेळेत चित्र द्यायचे तर एवढी माणसे काढायला सवड कुठली! म्हणून एकेक जण गळत गेला आणि शेवटी एकच उरला: चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, डोक्यावर मागे उरलेले थोडे केस. हाच तो सामान्य माणूस. तो बोलत नाही. मंत्री बोलतात, अधिकारी बोलतात, कधी त्याची बायको बोलते. तो पाहत उभा राहतो.

इथेही तफावत आहे, पण ती पात्राच्या आत नसून त्याच्या डोळ्यांसमोर आहे. मंत्री म्हणतो एक आणि रस्त्यावर दिसते दुसरे. दोन्हींच्या मधोमध हा माणूस उभा. म्हणून तो मंत्रालयात, विमानात, खेड्यात, दुष्काळी शेतात कुठेही उगवू शकतो आणि तो इथे कसा आला असे आपण विचारत नाही. पण या बीजाची मर्यादाही हौशी चित्रकाराने नीट ध्यानात घ्यावी. साक्षीदाराला स्वतःची गोष्ट नसते. त्याला काही हवे नसते, त्याचे काही हरवत नाही. एका चौकटीच्या चित्राला हे पुरते, आणि तिथेही रोज नवा मंत्री, नवी बातमी लागते. दोन पानांची, बारा चौकटींची गोष्ट सांगायची असेल तर नुसता साक्षीदार तिसऱ्या चौकटीत जड होतो. नोकरी सांभाळून पंधरवड्यातून एक पान काढणाऱ्याच्या हाती बातमी येईपर्यंत शिळी झालेली असते, हेही आहेच.

अशा माणसाने शिकायला उत्तम जागा म्हणजे 'टिंकल'. अनंत पै यांच्या संपादनाखाली 1980 साली हे मासिक निघाले आणि 1983 हे एकच वर्ष त्याला दोन पात्रे देऊन गेले, सुपंडी आणि शिकारी शंभू. दोन्हींची रेषा मराठी हातांची. सुपंडी काढला राम वाईरकर यांनी, शंभू काढला वसंत हळबे यांनी. सुपंडीच्या पहिल्या गोष्टी तामिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठवल्या होत्या आणि त्यांच्या मुळाशी तिथले लोककथेतले पात्र होते. शंभूची कल्पना मासिकातल्याच लुइस फर्नांडिस यांची.

सुपंडी हा सांगितलेले शब्दशः करणारा नोकर. आपल्याकडच्या वेड्या जावयाच्या गोष्टी ज्यांनी आजीकडून ऐकल्या आहेत त्यांना हा माणूस लगेच ओळखू येईल. सासुरवाडीला जाताना आई सांगते, नाकासमोर चालत जा. वाटेत झाड येते, जावई झाडावर चढून पलीकडे उतरतो. तफावत इथे भाषेत आहे. मालकाच्या शब्दाचा अर्थ एक, सुपंडीच्या कानात शिरतो तो दुसरा. हे बीज फार लवचिक आहे, कारण नोकर कुठेही नोकरीला लागू शकतो: दुकानात, दवाखान्यात, जहाजावर. मालक त्याला काढून टाकतो तेव्हा मालिका संपत नाही, उलट नव्या मालकाकडे नवे पान सुरू होते. मात्र विनोद शब्दावर उभा असल्यामुळे प्रत्येक गोष्टीला एक नवे द्व्यर्थी वाक्य शोधावे लागते. ज्याचा कान बोलीत तयार आहे त्याने हे बीज घ्यावे. ज्याचा हात चांगला पण कान बेताचा, त्याला ते पाच-सहा गोष्टींनंतर दमवते.

शंभूचे बीज मला चित्रकारासाठी अधिक उपयोगी वाटते, कारण त्यातली सगळी गंमत कृतीत आहे. शंभू हा नावाजलेला शिकारी, पण मुळात भित्रा. गावावर वाघ आला की सरपंच त्याच्याकडे धावतो. शंभूच्या पायांना कंप सुटतो, पण लोकांसमोर नाही म्हणवत नाही. घरी बायको शांती गप्प बसत नाही. तो रानात जातो आणि जनावर दिसताच पळतो, झाडावर चढतो, लपतो. शेवटी कसे कोण जाणे, जनावर सापळ्यात सापडते. गाव त्याला हार घालते आणि कीर्ती आणखी वाढते.

'कसे कोण जाणे' असे मी म्हटले, पण गोष्टीची सगळी कारागिरी त्या जागी आहे. नुसता योगायोग चालत नाही. समजा शंभू झाडावर चढून बसला आणि तेवढ्यात दुसऱ्याच कुणीतरी वाघाला पिंजऱ्यात घातले, तर गोष्ट पडली. आता असे धरा की घाबरून चढताना त्याच्या हातून धान्याचे पोते सुटले, ते फाटले, दाणे खाली खडकावर पसरले, वाघ त्यावरून घसरला आणि थेट खड्ड्यात गेला. आता वाघ पकडला गेला तो शंभूच्या भित्रेपणामुळे. ज्या दोषाने तो तोंडघशी पडायला हवा होता त्याच दोषाने तो विजयी झाला. असे झाले म्हणजे वाचक हसतो आणि गावकऱ्यांचा गैरसमजही पक्का होतो. आपली गोष्ट तपासताना हा प्रश्न विचारावा: शेवट पात्राच्या मूळ तफावतीतून निघाला की बाहेरून आणून चिकटवला? बाहेरून आणला असेल तर त्या गोष्टीत शंभूच्या जागी दुसरा कुणीही बसवला तरी काही बिघडत नाही. खूण तीच.

शंभूच्या चेहऱ्यात आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. त्याची टोपी डोळ्यांवर ओढलेली असते. डोळे दिसतच नाहीत. तिकडे वेताळाच्या मुखवट्यातही बुबुळे नाहीत, नुसत्या पांढऱ्या फटी आहेत. सामान्य माणसाला चष्मा आहे. हे तिघेही आपले डोळे आपल्यापासून लपवतात, आणि ज्याच्या बीजात 'आत एक, बाहेर एक' आहे त्याला हे शोभते. शंभू शूर आहे की घाबरलेला, हे गावकऱ्यांना कळू नये म्हणून ती टोपी. आपल्याला ते गुडघ्यांवरून आणि घामाच्या थेंबांवरून कळते. हौशी चित्रकाराचा यात रोकडा फायदा असा की पुन्हा पुन्हा काढताना चेहरा सर्वांत आधी बिघडतो तो डोळ्यांत. डोळे झाकले की तोच माणूस विसाव्या पानावरही तोच राहतो. हळब्यांच्या मागून शंभू सॅव्हिओ मास्कारेन्हस यांच्या हाती गेला, तरी वाचकांनी त्याला ओळखले, त्यात या टोपीचा वाटा मोठा असला पाहिजे.

आता हे सगळे आपल्या मातीत उतरवून पाहू. एका तरुण मित्राच्या वहीत 'गोव्याचा निसर्ग वाचवणारा धाडसी मुलगा' होता. विषय चांगला, चित्रे देखणी. मी त्याला एका बैठकीत बारा गोष्टी एकेका ओळीत लिहायला सांगितल्या. पहिल्या तीन झटकन आल्या: रेती उपसणारे, डोंगर कापणारे, कचरा टाकणारे. चौथीपासून फक्त खलनायक बदलत होता, मुलगा तसाच उभा. सातवीत त्या मुलाला उडता येऊ लागले! पात्राला मध्येच नवी शक्ती द्यावीशी वाटणे हे बीज संपल्याचे पक्के लक्षण आहे. लोकांना या मुलाविषयी जे वाटते तेच तो आहे, त्यामुळे वाचकाकडे राखायला गुपितच नाही.

मग आम्ही जागा आधी ठरवली. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली गेले की दिवाडची फेरीबोट लागते. मांडवी ओलांडायला काही मिनिटे पुरतात. चित्रकथेसाठी याहून सोयीची जागा मला ठाऊक नाही. रंगभूमी एकच, पात्रे दर खेपेला नवी, आणि गोष्ट कधी संपवायची ते नदीच ठरवते: पलीकडचा धक्का आला की शेवटची चौकट. बोट तीन कोनांतून एकदा नीट काढून ठेवली की पुढच्या प्रत्येक पानाला तीच मागची चित्रे चालतात.

या बोटीवर एक निवृत्त माणूस बसवला. नाव दामूबाब. घरी करमत नाही म्हणून तो सकाळी येतो आणि दिवसभर या तीरावरून त्या तीरावर जात राहतो. अंगात पुतण्याने दिलेला जुना खाकी सदरा. त्या सदऱ्यामुळे लोकांना वाटते की हा फेरीचाच कुणी अधिकारी. दामूबाबने तसे कधी म्हटलेले नाही. फक्त 'मी नव्हे' असेही कधी म्हटलेले नाही. तफावत ही एवढीच.

लगेच गोष्टी यायला लागल्या. एक बाई त्याच्या हाती डबा देते, पलीकडे माझा मुलगा उभा असेल म्हणते. पलीकडे दोन मुले उभी. दोन स्कूटरवाले आधी कोण चढला यावरून भांडतात आणि निवाडा मागतात. एक जण मुलाच्या नोकरीसाठी चिठ्ठी मागतो. नवीन लागलेला खलाशी त्याला सलाम ठोकतो आणि मग खऱ्या खलाशांनाही शंका येऊ लागते. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेराला सारे गोवे दिवाडला लोटते, आणि गर्दी आवरायला लोक याच्याकडे पाहतात. भर पावसात मध्यावर इंजिन बंद पडते, आणि सगळे डोळे खाकी सदऱ्यावर खिळतात. एके दिवशी त्याची स्वतःची बायको बोटीवर चढते आणि शेजारीण तिला सांगते, "तो पाहा, तो इथला साहेब." आणि एके दिवशी खरा तपासनीस येतो.

बारा ओळी अर्ध्या तासात भरल्या. बोंदेराची गर्दी जो आवरतो त्याच्या अंगी नवी शक्ती आलेली नाही. सदरा आहे तोच, माणूस आहे तोच.

मग आम्ही तीन नियम ठरवले, कारण असे बीज दोन बाजूंनी बिघडू शकते. दामूबाब खोटे बोलत नाही, लोकांचे गैरसमज फक्त राहू देतो. तो कुणाकडून पैसा किंवा वस्तू घेत नाही. आणि गोष्ट बोटीबाहेर जात नाही. पहिले दोन नियम मोडले की तो लबाड होतो आणि वाचक त्याच्या बाजूने राहत नाही. तिसरा मोडला की काही मिनिटांच्या खेपेचा ताण जातो आणि पान लांबत जाते. नियम वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला लिहून ठेवावेत. सुचलेली गोष्ट कितीही गमतीची असली तरी नियमात बसत नसेल तर ती दुसऱ्या पात्राची समजावी.

यानंतर आणखी एक वाक्य लिहायचे: 'असे झाले तर मालिका संपेल.' वेताळाचा मृत्यू साऱ्या जंगलाने पाहिला तर संपेल. सुपंडी शहाणा झाला तर संपेल. शंभू एकदा खरोखर शूर झाला तर संपेल. दामूबाबने 'मी इथला कुणी नव्हे' म्हटले तर संपेल. चांगली गोष्ट दर वेळी या वाक्याच्या अगदी जवळ जाते आणि परत येते. तपासनिसाची गोष्ट आम्ही तशीच जुळवली. तपासनीस विचारतो, "तुम्ही कोण?" दामूबाबला खोटे बोलायचे नाही. तो म्हणतो, "मी रोज असतो." ते खरेच आहे. तपासनीस हजेरीचे पुस्तक काढतो, त्यात नाव शोधतो, नाव सापडत नाही, आणि तेवढ्यात धक्का येतो. खाली उतरताना तो कारकुनाला बजावतो की इतकी वर्षे रोज येणाऱ्या माणसाचे नाव पुस्तकात नाही, हा काय कारभार! गैरसमज मिटायला आला होता, तो आता सरकारी झाला. आणि झाला तो दामूबाबच्या खरे बोलण्यामुळे, अगदी शंभूच्या पोत्यासारखा.

चित्राच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. पहिली, पानावर सहा चौकटी पुरेत, आणि प्रत्येक चौकटीत अक्षरे आधी लिहावीत, माणसे मागून काढावीत. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे ओळ जास्त उंची खाते. माणूस आधी काढला की बोलणे त्याच्या डोक्यावर कोंबले जाते आणि वाचणाऱ्याला त्रास होतो. एका चौकटीत पंधरा-वीस शब्दांपुढे जाऊ नये. दुसरी, दामूबाब पुढून, बाजूने, पाठमोरा आणि बसलेला असा चार वेळा काढून आतून काळ्या शाईने पूर्ण भरावा. नुसत्या काळ्या आकारावरून तो ओळखू आला तर पात्र उभे राहिले. आमचा पहिला दामूबाब असा भरल्यावर कुठलाही निवृत्त माणूस दिसत होता. मग त्याच्या सदऱ्याचे खांदे दोन बोटे जास्त रुंद केले, कारण सदरा पुतण्याचा होता. ते खांदे आता दुरूनही ओळखू येतात, आणि उसन्या मोठेपणाची गोष्टही सांगतात.

माणसे कुठून आणायची हा प्रश्न गोव्यात तरी पडू नये. मारिओ मिरांडांनी तरुणपणी शब्दांऐवजी चित्रांत रोजनिशी लिहिली. लोटलीची माणसे, पाद्री, मेजवान्या, प्रवास, सारे त्यात आहे. 1951 सालची त्यांची रोजनिशी पुढे पुस्तकरूपाने निघाली, ती जरूर पाहावी. त्यांच्या चित्रांतली ती दाट गर्दी मात्र नवख्याने अंगावर घेऊ नये. एकेका पानाला महिना लागेल आणि मालिका तिथेच थांबेल. रोजनिशीतून उचलायची ती सवय, रोज एक खरा माणूस टिपण्याची. फेरीवर बसून आठवडाभर असे केले तर दामूबाबच्या बारा गोष्टींना लागणारे प्रवासी मिळतात, आणि ते काल्पनिक माणसांपेक्षा पुष्कळ जास्त वेगळे असतात एकमेकांपासून.

मित्राची सहा पाने झाली आहेत. सातव्यात दामूबाबची बायको चढते. ती शेजारणीला खरे सांगते की गप्प बसते, हे अजून ठरलेले नाही, आणि त्यावर आमचे दोघांचे एकमत नाही. माझे म्हणणे आहे की तिने गप्प बसावे आणि घरी गेल्यावर तो खाकी सदरा धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावावा. वेताळाला गावकरी नव्या वहाणा वाहतात, तसे. मित्राला वाटते की मग गुपित दोघांचे होईल आणि पुढच्या गोष्टी बदलतील. त्याचेही बरोबर आहे. बारा ओळी पुन्हा लिहून पाहायला हव्यात.